लिंडिस्फार्नचं शुभवर्तमानाचं पुस्तक: फलकाचा मराठी मसुदा तपासून द्याल का?

रानजाई

दर उन्हाळ्यात आमच्या मंडळातल्या कुणा ना कुणाचे आईबाबा इकडे राहायला येतात. मग एक दिवस लंडन, आणि लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीचं दालन ठरलेलं, कारण ते फुकट आहे आणि आत बसायला जागा आहे. गेल्या वर्षी माझ्या बाबांना लिंडिस्फार्नच्या हस्तलिखितासमोर उभं केलं. दालनात अंधूक उजेड, फलक इंग्रजीत, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मी दोन वाक्यांचं मराठी करून सांगेपर्यंत बाबा पुढच्या पेटीकडे सरकले होते. परतताना म्हणाले, "पुस्तक सुंदर होतं, पण कशाचं होतं ते कळलं नाही."

म्हणून यंदा मोठ्या टायपातला एक कागद करून सगळ्यांना द्यायचा बेत आहे. संग्रहालयातल्या फलकासारखाच, साधारण १२० शब्दांचा. मी डिझाइनवाली आहे, इतिहासाशी दूरचा संबंध. इकडून तिकडून वाचून हे लिहिलंय:

*"लिंडिस्फार्नचं सुवर्णांकित बायबल. इ. स. ६९८ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटावर ईडफ्रिथ नावाच्या साधूने राजाच्या आज्ञेवरून हे बायबल एकट्याने लिहिलं आणि रंगवलं. त्यासाठी भरपूर सोनं आणि अफगाणिस्तानातून आणलेला मौल्यवान निळा दगड वापरला. मठातले साधू याचं रोज वाचन करीत. पुढे व्हायकिंग चाच्यांच्या भीतीने पळून जाताना हा ग्रंथ समुद्रात पडला, पण चमत्कार असा की एक अक्षरही पुसलं गेलं नाही. तेराशे वर्षांनंतर आजही त्याचे रंग ताजे आहेत."*

चुका काढा. रागावणार नाही.

---

मिश्किल_मामा

"सुवर्णांकित" कुठून आणलंस? आमच्या ओळखीतल्या एकाने अशाच पुस्तकाला "प्रकाशित हस्तलिखित" म्हटलं होतं. हस्तलिखितच असेल तर प्रकाशित कसं, हे त्याला विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

---

शाईदौत

रानजाई, मसुदा वाचायला ओघवता आहे. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य थोडं थोडं घसरलंय. माझी सगळी नोकरी हस्तलिखितांच्या भांडारात झाली, त्यामुळे या पुस्तकाशी जुनी ओळख आहे. सगळं एका दमात सांगत नाही, आधी मोठी गोष्ट.

हे बायबल नाही. यात येशूच्या आयुष्याचे चार वृत्तांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमानं आहेत, आणि सुरुवातीला प्रस्तावना व चारही वृत्तांतांतले सारखे उतारे जुळवून दाखवणारे तक्ते. संपूर्ण बायबल काय असतं ते बघायचं तर त्याच काळात, त्याच नॉर्थम्ब्रिया राज्यातल्या वेअरमाउथ-जॅरोच्या मठात केलेलं एक पुस्तक आज फ्लॉरेन्सला आहे. त्याची पानं हजाराच्या वर आणि वजन ३४ किलोच्या आसपास. तुझ्या पुस्तकाची पानं २५९.

दुसरं, "राजाच्या आज्ञेवरून" कुठे वाचलंस? या पुस्तकामागे कुणी राजा असल्याचा पुरावा नाही. ते कुणी केलं आणि कुणासाठी केलं हे पुस्तकातच लिहिलेलं आहे, शेवटच्या पानावर. तुझ्या फलकात नेमकं तेच आलेलं नाही.

---

रानजाई

राजाचं मीच घातलं. एवढं खर्चिक काम म्हणजे राजाच असणार, असं वाटलं. शेवटच्या पानावर काय आहे?

---

शाईदौत

आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते ना, कुणी लिहिलं, कुणासाठी, कधी, तसा एक मजकूर आहे. फरक एवढाच की तो मूळ लेखकाचा नाही. दहाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे पुस्तक झाल्यावर सुमारे अडीचशे वर्षांनी, ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने तो लिहिला. तोवर लिंडिस्फार्नच्या मठातली मंडळी बेट सोडून चेस्टर-ले-स्ट्रीट गावी राहत होती.

ऑल्ड्रेड सांगतो त्याचा आशय असा: लिंडिस्फार्नचा बिशप ईडफ्रिथ याने हे पुस्तक देवासाठी, त्याच बेटाचा पूर्वीचा बिशप संत कथबर्ट याच्यासाठी आणि ज्यांचे अवशेष बेटावर आहेत त्या सर्व संतांसाठी लिहिलं. बिशप इथिलवाल्डने ते बाहेरून बांधलं. बिलफ्रिथ नावाच्या एकांतवासीने वरची मढवणूक घडवली, सोनं, रत्नं आणि मुलामा दिलेली चांदी लावून. आणि चौथा तो स्वतः, "अपात्र आणि अतिदीन" ऑल्ड्रेड, ज्याने ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ लिहिला.

ओळींमधलं ते काम म्हणजे शुभवर्तमानांचं इंग्रजीत झालेलं आणि आज हाती असलेलं सगळ्यांत जुनं भाषांतर. वाक्यांचं भाषांतर नव्हे. प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर त्याचा अर्थ, शाळेत आपण संस्कृतच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहायचो तसा. तुझ्या बाबांना ही बारीक अक्षरं दिसली असतील आणि कुणीतरी पुस्तक खराब केलंय असंही वाटलं असेल.

---

आळंदीचा_वाटसरू

पुष्पिकेवरून ज्ञानेश्वरीची शेवटची ओवी आठवली. "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला." कर्ता वेगळा, हाताने लिहिणारा वेगळा, आणि दोघांचीही नावं. फलकात अशी उपमा दिली तर आपल्या माणसांना लगेच कळेल.

---

शाईदौत

वाटसरू, उपमा चांगली आहे पण फलकात नको. जागा १२० शब्दांची, आणि वाचणारा ज्ञानेश्वरीत शिरला की पेटी तशीच राहील. तोंडी सांगायला मात्र उत्तम.

---

वसईचा_डाबरे

"मठातले साधू याचं रोज वाचन करीत" हे मला खटकलं. मी कॅथलिक आहे, लहानपणी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, वेदीसेवक होतो. आमच्याकडे आजही मोठ्या सणाला शुभवर्तमानाचा ग्रंथ वेगळा असतो. उपयाजक तो दोन्ही हातांत उंच धरून मिरवणुकीने आणतो, वेदीवर ठेवतो, वाचनाआधी धूप दाखवतात, वाचून झाल्यावर त्याचं चुंबन घेतात. बाकीची वाचनं दुसऱ्या पुस्तकातून होतात. त्या ग्रंथाला मान आहे, कारण त्या क्षणी तो ख्रिस्ताच्या जागी असतो. रत्नं लावलेलं पुस्तक रोज कोण हाताळेल? हे वेदीवर ठेवायचं पुस्तक असणार, वाचायचं नव्हे.

---

शाईदौत

डाबरे, पहिला भाग अगदी बरोबर. शेवटचं वाक्य अर्धं बरोबर.

पुस्तक सुमारे साडेछत्तीस सेंटिमीटर उंच आणि साडेसत्तावीस रुंद आहे. एकट्याने मांडीवर घेऊन वाचायचं हे माप नाही. त्याच कथबर्टच्या शवपेटीत ११०४ साली योहानाच्या शुभवर्तमानाचं एक छोटं पुस्तक सापडलं, जेमतेम चौदा सेंटिमीटर उंच, तळहातात मावणारं. ते बघितलं की वाचायचं पुस्तक आणि मांडायचं पुस्तक यांतला फरक डोळ्यांनाच कळतो.

पण मोठं पुस्तक वाचायचं नव्हतंच, असं पानं सांगत नाहीत. मजकूर दोन स्तंभांत आहे आणि ओळी स्तंभाच्या काठापर्यंत भरलेल्या नाहीत. जिथे अर्थ थांबतो, श्वास घ्यायचा, तिथे ओळ तुटते. ही मांडणी मोठ्याने वाचणाऱ्यासाठी असते. तिच्यामुळे कितीतरी जागा कोरी राहते, आणि ती जागा कागदाची नव्हे, कातड्याची आहे. ज्याला फक्त शोभा करायची तो एवढं कातडं श्वासासाठी कशाला सोडेल? म्हणून "रोज" काढ, पण "वाचन" पूर्ण खोडू नकोस.

---

अप्पा_सांगलीकर

नमस्कार. आमच्या घरी आजोबांची हाताने लिहिलेली पोथी आहे, पांडवप्रताप. लाल-काळी शाई, कडेला वेलबुट्टी. साधारण १५० वर्षं जुनी असावी. लंडनच्या त्या लायब्ररीत घेतील का? किंमत किती येईल? कडा झिजतायत म्हणून मुलगा लॅमिनेट करून आणू म्हणतोय.

---

शाईदौत

अप्पा, लॅमिनेट करू नका. अजिबात नको. एकदा प्लास्टिक चिकटलं की ते सोडवताना शाईच निघून येते. ओल नसलेल्या जागी सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. किमतीचं मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही. वेगळा धागा काढलात तर जतनाचं सविस्तर लिहीन.

---

निळावंती

मी रंगकामातली आहे म्हणून निळ्याबद्दल. अफगाणिस्तानचा दगड हे चूक आहे. पानांवर लेझरचा बारीक झोत टाकून तपासलं तेव्हा तो निळा दगडाचा नव्हे, नीळच निघाला. म्हणजे आपली भारतातली नीळ त्या काळी इंग्लंडपर्यंत गेली होती! फलकात हे हवंच, आपल्या लोकांना केवढा अभिमान वाटेल.

---

शाईदौत

तपासणीचं अगदी खरं. आधीचे अभ्यासक रंगाची छटा आणि सूक्ष्मदर्शकातलं रूप पाहून तो दगड आहे असं म्हणत, आणि त्यावरून बेटाचा व्यापार अफगाणिस्तानापर्यंत पोहोचला होता अशी सुरस कथा तयार झाली. या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या तपासणीत तो दगड एकाही जागी मिळाला नाही.

पुढची उडी मात्र घेऊ नका. युरोपात वोड नावाचं झुडूप होतं. त्याच्या पानांतून निघणारं निळं द्रव्य आणि आपल्या नीळीतलं द्रव्य हे रसायन म्हणून एकच. त्यामुळे लेझर "नीळ" म्हणतो, "कुठल्या झाडाची" ते सांगत नाही. अंगणात उगवणारं झुडूप असताना समुद्रापलीकडून कोण आणेल? बाकीचे रंगही मोजकेच: शिशापासून केलेला शेंदरी, तांब्याच्या जंगाचा हिरवा, हरताळाचा पिवळा. ईडफ्रिथची करामत महाग रंगांत नाही, थोड्या रंगांतून एवढ्या छटा काढण्यात आहे.

आणि "भरपूर सोनं"? आतल्या पानांवर सोनं फार थोड्या जागी आहे, तेही ठिपक्यांएवढं. सोन्याचांदीची मढवणूक बाहेर होती, बिलफ्रिथची, आणि ती कधीच नाहीशी झाली. आज दिसणारी रत्नजडित बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे, डरहॅमच्या बिशपने स्वखर्चाने करवलेली. "बिलफ्रिथने मढवलं" असं लिहून पुढे गेलीस तर लोक त्या नव्या बांधणीलाच हजार वर्षांची समजतील.

---

निळावंती

अंगणात उगवत असली तरी आमच्या नीळीत रंगद्रव्य जास्त असतं, असं आम्ही शिकलोय. पूर्ण पटलं नाही, पण फलकात न घालणं पटलं.

---

रानजाई

सोनं गेलं, दगड गेला, राजा गेला. फलकात आता उरलंय काय? मग खर्च केला कुणी? माझ्या सासूबाई पहिला प्रश्न हाच विचारणार.

---

शाईदौत

सासूबाईंचा प्रश्न योग्य आहे. हिशेब करून बघ. उघडलेल्या जोडपानाचं माप सुमारे साडेछत्तीस बाय पंचावन्न सेंटिमीटर. वासराच्या एका कातड्यातून एवढ्या मापाचं, डाग किंवा भोक नसलेलं एकच जोडपान नीट निघतं. एका जोडपानाची दोन पानं. २५९ पानांना सुमारे १३० कातडी झाली, बाद गेलेली धरून साधारण १५०. जिथे तिथे वाचायला मिळणारा १५० वासरांचा आकडा असाच येतो.

एवढी वासरं आणायची तर मठाकडे जमीन आणि मोठी खिल्लारं हवीत. जमिनी मठांना राजे आणि सरदार देत, तेवढ्यापुरता तुझा राजा खरा. पण या पुस्तकासाठी थैली उघडणारा वेगळा दाता कुणी नाही. खर्च मठातल्या समाजाने स्वतःच्या गोठ्यातून केला, आणि मुख्य कारागीर त्यांचा स्वतःचा बिशप.

एरवी आश्रयदाता जिवंत असतो, चित्रात एका कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेला दिसतो. इथे पुस्तक ज्याच्यासाठी केलं तो कथबर्ट ६८७ साली वारलेला. ६९८ साली त्याची कबर उघडली तेव्हा शरीर जसंच्या तसं होतं, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. ते वर काढून वेदीजवळ ठेवलं आणि यात्रेकरू येऊ लागले. तुझं ६९८ साल तिथून आलंय. ते पुस्तकाचं साल नाही, त्या सोहळ्याचं आणि ईडफ्रिथ बिशप झाल्याचं आहे. पूर्वी अभ्यासक सोहळ्यासाठीच पुस्तक केलं म्हणत. आता बरेच जण ७१५ ते ७२० कडे झुकतात. ईडफ्रिथ ७२१ मध्ये गेला आणि काही बारीकसारीक रंगकाम अपुरं राहिलेलं दिसतं, तेही या मताशी जुळतं.

---

सह्यवेडा

अपुरं काम मुद्दाम ठेवलं असंही वाचलंय. परिपूर्ण फक्त देव, म्हणून माणसाने कुठेतरी उणं ठेवायचं. हे जास्त सुंदर कारण आहे, फलकात हे घाला.

---

शाईदौत

सुंदर आहे, आणि अशक्यही नाही. लूकच्या पहिल्या पानावर लाल ठिपके मोजले गेलेत, १०,६०० भरले. त्या पानावरही काही जागा बिनरंगाच्या आहेत. दहा हजार ठिपके देणारा माणूस तेवढं विसरला असेल? की तिथपर्यंत पोचण्याआधी मेला? मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. फलकात मात्र एकच बाजू लिहिली की ती खरी होऊन बसते, म्हणून माझं मत: नको.

---

सह्यवेडा

ठीक. पण समुद्रात पडल्याची गोष्ट तरी ठेवा. मुलांना तीच आठवणीत राहते.

---

शाईदौत

ठेवा, पण गोष्ट म्हणून. ७९३ साली व्हायकिंगांनी मठ लुटला, पण मंडळी तेव्हा पळाली नाहीत, जवळपास ऐंशी वर्षं तिथेच राहिली. ८७५ मध्ये कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन निघाली आणि सात वर्षं भटकली. आयर्लंडला जायला नावेत बसली तेव्हा वादळात पुस्तक पडलं आणि ओहोटीला किनाऱ्यावर कोरडं सापडलं, असं डरहॅमच्या मठातला इतिहासकार सिमियन बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो. म्हणजे घटनेनंतर सव्वादोनशे वर्षांनी. कातडं खाऱ्या पाण्यात बुडलं तर ते आकसतं, लाटांसारखं उठतं आणि रंग ओघळतात. या पुस्तकावर तसलं काही नाही. श्रद्धावान म्हणेल, चमत्कारच तो. मी म्हणेन, बहुधा पडलंच नाही. फलकात "असं सांगतात" एवढे दोन शब्द पुरतात.

---

मिश्किल_मामा

माझी एक शंका. फलकाखाली "कॉटन, नीरो, डी, चार" असं काहीतरी क्रमांकासारखं असतं. शुभवर्तमानाचा नीरोशी काय संबंध? तो तर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा.

---

शाईदौत

सर रॉबर्ट कॉटन नावाचा सतराव्या शतकातला संग्राहक होता. त्याने कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे बसवले होते आणि कपाटं त्यांच्याच नावाने ओळखायचा. नीरोच्या कपाटात, डी फळीवर, चौथं पुस्तक. पुढे संग्रह १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला, तिथून लायब्ररीकडे. कपाट गेलं, नीरो चिकटून राहिला.

---

कृष्णाकाठची_मावशी

मी एवढं सगळं वाचलं. एक सांगू? माझ्या वयाच्या लोकांना "वासराचं कातडं" वाचून धक्का बसेल. पवित्र ग्रंथ आणि तो वासराच्या कातड्यावर? आमच्या सोवळ्यातल्या बाईने तर पेटीपासून दोन पावलं मागे घेतली असती. "चर्मपत्र" म्हणा, सौम्य वाटतं.

---

वसईचा_डाबरे

मावशी, चर्मपत्र म्हटलं तरी चर्म आहेच की. त्या काळी तिथे कागद नव्हता. लपवलं तर उलट नंतर कुणीतरी सांगेल आणि वाटेल, का लपवलं?

---

कृष्णाकाठची_मावशी

लपवा म्हणत नाही रे. पण पहिल्याच ओळीत कशाला?

---

रानजाई

दोन रात्री बसून नवा मसुदा केला. मावशी, कातडं मधे टाकलंय.

*"चार शुभवर्तमानांचं पुस्तक. लिंडिस्फार्न बेट, इंग्लंड, इ. स. ७०० ते ७२० च्या सुमारास.*

*ओळींच्या मधली बारीक अक्षरं पहा. मोठी अक्षरं लॅटिन आहेत. त्यांच्या डोक्यावरचा इंग्रजी अर्थ ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने सुमारे अडीचशे वर्षांनंतर लिहिला. शुभवर्तमानांचं इंग्रजी भाषांतर याहून जुनं आज कुठेही नाही.*

*पुस्तक कुणी केलं तेही ऑल्ड्रेडनेच शेवटी नोंदवलं. बिशप ईडफ्रिथने लिहिलं, बिशप इथिलवाल्डने बांधलं, एकांतवासी बिलफ्रिथने सोन्याचांदीने मढवलं. ती मढवणूक आता नाही. पानांसाठी सुमारे १५० वासरांची कातडी लागली. ती मठाच्या गोठ्यातली असावीत.*

*ऑल्ड्रेड म्हणतो, हे पुस्तक देवासाठी आणि संत कथबर्टसाठी केलं. कथबर्टचं शरीर त्याच बेटावरच्या चर्चमध्ये होतं आणि यात्रेकरू दर्शनाला येत. रोज हाताळण्यापेक्षा हे पुस्तक मोठ्या सणांना वेदीवर ठेवण्यासाठी आणि त्यातून मोठ्याने वाचण्यासाठी असावं."*

समुद्राची गोष्ट बसली नाही, ती मी तोंडी सांगेन. "सुवर्णांकित" काढलं. त्याऐवजी काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून काहीच लिहिलं नाही.

---

मिश्किल_मामा

"सचित्र" लिही. सरळ आहे.

---

निळावंती

सचित्र म्हटलं की मुलांच्या गोष्टींचं पुस्तक डोळ्यांसमोर येतं. या पानांवर चित्रं थोडी आणि नक्षीच जास्त. रंगवलेलं म्हणा, चितारलेलं म्हणा.

---

शाईदौत

त्या शब्दाचं तुम्ही मिटवा. मला मसुदा आवडला, मुख्य म्हणजे "ऑल्ड्रेड म्हणतो" असं लिहिलंस ते. त्याची नोंद अडीचशे वर्षांनंतरची आहे. चार शुभवर्तमानकारांना शोभतील असे चार कर्ते त्याने जुळवले आणि चौथ्या जागी स्वतःला बसवलं, अशीही शंका घेतली गेलीय. मला स्वतःला ईडफ्रिथ खरा वाटतो, कारण मजकूर आणि नक्षी दोन्ही एकाच हाताचे दिसतात आणि एवढी मुभा बिशपलाच मिळेल. फक्त काही शीर्षकं दुसऱ्या कुणीतरी भरलीत. बिलफ्रिथबद्दल मी शपथ घेणार नाही.

मात्र एक अडचण राहिलीय, फलक लिहिणाऱ्यांची नेहमीची. "ओळींच्या मधली बारीक अक्षरं पहा" ही सुरुवात छान आहे, पण पेटीत कुठलं पान उघडलेलं असेल ते तुझ्या हातात नाही. रंगांना उजेड सोसत नाही म्हणून ते काही महिन्यांनी पान बदलतात, कधीकधी पुस्तकच विश्रांतीला आत नेतात. प्रत्येक शुभवर्तमानाआधी गालिच्यासारखं नुसत्या नक्षीचं एक पान आहे, त्यावर अक्षर नाही. तेच उघडं असलं आणि लोक बारीक अक्षरं शोधत बसले तर?

---

रानजाई

अरे देवा.

---

वसईचा_डाबरे

गालिच्याच्या समोरच्या पानावर बहुतेक मजकूराची सुरुवात असते ना? मोठं नक्षीदार अक्षर, आणि अर्थही लिहिलेला?

---

शाईदौत

हो, तशी जोडी असेल तर निभावेल, फक्त "उजवीकडच्या पानावर" एवढं घालावं लागेल. पण शुभवर्तमानकाराचं चित्र असलेलं पान उघडलं तर नाही चालणार. मत्तयाच्या पानावर पडद्याआडून एक डोकं डोकावतंय. ते कोण यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि सासूबाई पहिलं तेच विचारतील.

---

रानजाई

मग दोन कागद करते. पहिला परिच्छेद वेगळा, बाकी सगळं तेच. एकाची सुरुवात बारीक अक्षरांनी, दुसऱ्याची नक्षीने: "या पानावर एकही शब्द नाही. नक्षीत लपलेले पक्षी शोधा." जायच्या दिवशी सकाळी लायब्ररीच्या संकेतस्थळावर पाहीन किंवा फोन करीन आणि हवा तो छापीन.

आज बाबांना व्हिडिओवर वाचून दाखवलं. त्यांनी कातड्यावर काहीच विचारलं नाही, मावशी. त्यांचा प्रश्न होता, ऑल्ड्रेडने दुसऱ्याच्या पुस्तकात पेन चालवलं तेव्हा त्याला कुणी ओरडलं नाही का?

---

शाईदौत

ओरडल्याची नोंद नाही. उलट त्यानेच पदरचं घातलं. शेवटच्या नोंदीत म्हणतो की मत्तयाचा भाग देवासाठी आणि कथबर्टसाठी केला, मार्कचा बिशपसाठी, लूकचा मठाच्या समाजासाठी, आणि समाजात प्रवेश मिळावा म्हणून ओरा या त्या काळच्या मापाने आठ ओरा चांदीही दिली. योहानाचा भाग स्वतःच्या आत्म्यासाठी, त्यासोबत आणखी चार ओरा. बाबांना सांग, फुकटात नाही लिहू दिलं.